व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र: सही आयोजकाची, मजकूर आपला

परदेशातल्या परिषदेसाठी शोधनिबंध स्वीकारला गेला की आयोजकांची मेल येते. अभिनंदन, आपला निबंध निवडला गेला आहे, नोंदणीची शेवटची तारीख अमुक. महाविद्यालयात पेढे वाटून होतात, प्राचार्य पाठीवर थाप मारतात आणि मग कोणीतरी विचारतं, ‘व्हिसाचं काय?’ बऱ्याच जणांना वाटतं, ही मेल छापून अर्जाला जोडली की काम झालं. पण त्या मेलमध्ये बहुधा पासपोर्टवरचं नाव नसतं, पासपोर्टचा क्रमांक नसतो, कोणाची सही नसते. निबंधाचे चार लेखक असतील तर त्यांच्यापैकी प्रवास कोण करणार, हेही त्यात नसतं. मेल लिहिणाऱ्याला निबंधाशी कर्तव्य होतं. व्हिसा मात्र माणसाला मिळतो.

म्हणून आयोजकांकडे वेगळं पत्र मागावं लागतं. कोणी त्याला निमंत्रणपत्र म्हणतं, कोणी व्हिसासाठीचं साहाय्यपत्र. नाव काहीही असो, ते वाचणारा माणूस एकच असतो: वकिलातीतला अधिकारी. त्यानं तुम्हाला पाहिलेलं नसतं, तुमचा विषय त्याला ठाऊक नसतो आणि त्याच्या टेबलावर त्या दिवशी असे बरेच अर्ज असतात. अर्जदार कोण, कुठे, कोणत्या तारखांना, कशासाठी चालला आहे आणि हे खरं आहे असं सांगणारं तिकडे कोणी आहे का, इतकंच त्याला एका पानात हवं असतं.

युरोपातल्या शेंगेन देशांचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडचे पुष्कळ संशोधक तिकडेच जातात आणि तिथले नियम लेखी, सर्वांना सारखे आहेत. त्यांच्या व्हिसा संहितेच्या जोडपत्रात कोणत्या कामासाठी कोणती कागदपत्रं लागतात याची यादी आहे. वैज्ञानिक, सांस्कृतिक किंवा क्रीडाविषयक कार्यक्रमासाठी जाणाऱ्यानं निमंत्रण, प्रवेशिका, नावनोंदणी किंवा कार्यक्रमपत्रिका द्यावी आणि तिच्यात शक्यतो यजमान संस्थेचं नाव व मुक्कामाचा कालावधी असावा, असं तिथे म्हटलं आहे. मुक्कामाचा कालावधी हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण गडबड बहुतेक वेळा तिथेच होते.

आता एक प्रकरण नमुन्यादाखल बांधू. माणसं आणि परिषद काल्पनिक, अडचणी मात्र रोजच्या. कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सुनीताबाई. सह्याद्रीतल्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींवर त्यांचं काम आहे. जर्मनीत लाइपझिगला 8 ते 11 सप्टेंबर 2026 या काळात परिसंस्थाशास्त्राची परिषद आहे आणि तिथे त्यांचं भित्तिपत्रक, म्हणजे पोस्टर, स्वीकारलं गेलं आहे. एप्रिलच्या मध्याला मेल आली. परिषदेनंतर दोन दिवस बर्लिनमध्ये काढायचे, तिथलं वनस्पती उद्यान पाहायचं, असं त्यांच्या मनात आहे.

आधी नावाकडे पाहू, कारण मराठी माणसाचं नाव परदेशी अर्जात शिरलं की हमखास घोटाळा होतो. आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं येतं: पाटील सुनीता रमेश. शाळेपासून तीच सवय लागते. परिषदेच्या नोंदणी अर्जात ‘पहिलं नाव’ अशी चौकट दिसली की तिथे पाटील लिहिलं जातं आणि ‘शेवटचं नाव’ म्हणून रमेश. मग आयोजकांचं संगणकी पत्र येतं ते ‘पाटील रमेश’ या गृहस्थांच्या नावे, आणि सुनीता मध्येच कुठेतरी हरवलेली असते.

भारतीय पासपोर्टवर नावाचे दोनच रकाने असतात: आडनाव आणि दिलेलं नाव. वडिलांचं नाव, अर्ज करताना तसं लिहिलं असेल, तर दिलेल्या नावाच्या रकान्यातच येतं. काहींच्या पासपोर्टवर नुसतं ‘सुनीता’ असतं, काहींच्या ‘सुनीता रमेश’. आपल्या पासपोर्टवर काय आहे याची खात्री करायची तर फोटोच्या पानाच्या तळाशी असलेल्या, यंत्रानं वाचायच्या दोन ओळी पाहाव्यात. पहिली ओळ अशी दिसते:

```
P<INDPATIL<<SUNITA<RAMESH<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग दोन कोनी खुणा आणि त्यापुढे दिलेली नावं. दोन खुणांच्या अलीकडे आहे ते आडनाव, पलीकडे आहे ते बाकी सगळं. विमानतळावरचं यंत्र हेच वाचतं. नोंदणी अर्ज, निमंत्रणपत्र, तिकीट आणि विमा या चारही ठिकाणी नाव याच विभागणीनं, याच स्पेलिंगनं गेलं पाहिजे. नावाच्या चौकटीत ‘डॉ.’ किंवा ‘प्रा.’ घालू नये. पदवी पत्राच्या मजकुरात कितीही वेळा येऊ दे, नावात नको.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे आणि सगळं नाव दुसऱ्याच रकान्यात आहे, त्यांचं दुखणं निराळं. नोंदणीचा अर्ज आडनावाशिवाय पुढे सरकतच नाही. मग लोक तिथे टिंब टाकतात किंवा तेच नाव दोनदा लिहितात. नोंदणीपुरतं ते चालून जातं. पण पत्र मागताना मेलमध्ये वेगळ्या ओळीत लिहावं, की माझ्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, कृपया पत्रात नाव पुढीलप्रमाणेच छापावं. माणूस वाचतो आहे तोवर सांगून घ्यावं, नंतर संगणक ऐकत नाही.

सुनीताबाईंच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. लग्नानंतर महाविद्यालयाच्या दप्तरी त्या सुनीता अजित जाधव झाल्या. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा, कारण तो बदलण्याची सक्ती नाही आणि त्यांना गरजही वाटली नाही. शोधनिबंधांवर त्या पहिल्यापासून ‘एस. आर. पाटील’ अशा छापल्या जातात. म्हणजे वकिलातीतल्या माणसापुढे तीन कागद येणार: आयोजकांचं पत्र एस. आर. पाटील यांना, प्राचार्यांचं ना-हरकत पत्र श्रीमती जाधव यांना, आणि पासपोर्ट सुनीता रमेश पाटील यांचा. आपल्याला ही एकच बाई आहे हे उघड दिसतं. त्याला का दिसावं?

यावर उपाय सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो. आयोजकांच्या पत्रात नाव पासपोर्टप्रमाणे आणि पुढे एक वाक्य, की निबंधावर लेखिकेचं नाव एस. आर. पाटील असं छापलं आहे. प्राचार्यांच्या पत्रात ‘सुनीता अजित जाधव, पासपोर्टवरील नाव सुनीता रमेश पाटील’ असा उल्लेख. जोडीला विवाह नोंदणीचा दाखला. आयोजक महाविद्यालयाच्या नावाबद्दल काही लिहिणार नाहीत आणि लिहू नयेतच. त्यांना ते माहीत असण्याचं कारण नाही. ज्याला जे माहीत आहे ते त्यानं लिहावं आणि सगळ्यांचं मिळून एक माणूस उभा राहावा.

नावानंतर तारखा. आयोजक पत्रात परिषदेच्या तारखा लिहितात, 8 ते 11 सप्टेंबर. सुनीताबाई 6 तारखेच्या रात्री मुंबईहून निघणार, 7 ला पोचणार आणि 14 ला परत निघणार. व्हिसाच्या अर्जात 7 ते 14 असं येणार. पत्र चार दिवसांचं आणि मागणी आठ दिवसांची. आदल्या दिवशी पोचणं कोणालाही समजतं. शेवटच्या तीन दिवसांचा खुलासा मात्र हवा, आणि तो आयोजकांकडून मागायचा नसतो. अनेक जण इथेच चुकतात: पत्रातल्या तारखा वाढवून द्या, असा आग्रह धरतात. जी परिषद 11 ला संपते ती 14 पर्यंत चालेल असं आयोजक कसं लिहितील? फार तर ‘परिषदेसाठी त्यांना 7 तारखेपर्यंत पोचणं आवश्यक आहे’ एवढं ते लिहू शकतात. बर्लिनचे दिवस सुनीताबाईंनी स्वतःच्या अर्जासोबतच्या पत्रात मांडायचे, तिथल्या हॉटेलची नोंदणी जोडायची आणि प्राचार्यांची रजा 14 नंतरच्या प्रवासापर्यंत मंजूर करून घ्यायची. चार दिवसांची परिषद आणि मागे पंधरा दिवसांची युरोपयात्रा असं चित्र असेल तर प्रवासाचा मुख्य हेतू कोणता, हा प्रश्न रास्तच ठरतो. आणि त्या यात्रेत दुसऱ्याच देशात जास्त दिवस असतील, तर अर्ज त्या देशाकडे करावा लागेल का, हेही पाहावं लागतं, कारण शेंगेनचा अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे जातो.

तारीख लिहिण्याची पद्धतही सांभाळावी. 08/09/2026 म्हणजे आपल्याला आठ सप्टेंबर, अमेरिकी माणसाला नऊ ऑगस्ट. जन्मतारखेतही हेच होतं आणि ते अधिक त्रासदायक, कारण चुकीची जन्मतारीख म्हणजे दुसराच माणूस. महिना अक्षरात लिहिला की प्रश्न मिटतो.

तिसरी गोष्ट हेतूची. ‘परिषदेत सहभागी होण्यासाठी’ हे वाक्य खरं असलं तरी पोकळ असतं. त्या परिषदेला पाहुणा म्हणून आलेलाही सहभागी आणि उद्‌घाटनाचं भाषण करणाराही सहभागीच. पत्रात भूमिका नेमकी यावी: पोस्टर सादर करणार, तोंडी निबंध वाचणार, सत्राचं अध्यक्षपद, की नुसती उपस्थिती. निबंधाचं शीर्षक आणि क्रमांक यावा, म्हणजे अधिकाऱ्याला वाटलंच तर छापील कार्यक्रमपत्रिकेत तो शोधता येतो. नोंदणी शुल्क भरलं आहे, हे वाक्यही मोलाचं. जो जाणार नाही तो तीन-चारशे युरो आधी कशाला भरेल, असा साधा व्यवहार त्यामागे असतो.

हेतू नेमका लिहिण्याचा एक रोख फायदाही आहे, जो पुष्कळांना ठाऊक नसतो. प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे. मात्र वैज्ञानिक चर्चासत्रात किंवा परिषदेत भाग घ्यायला जाणाऱ्या संशोधकांना व्हिसा संहितेनं या शुल्कातून सूट दिली आहे. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. ते या सुटीत येत नाही. सूट हवी तर दोन गोष्टी कागदावर दिसाव्या लागतात: परिषद वैज्ञानिक आहे आणि अर्जदार संशोधक आहे. पहिली गोष्ट आयोजकांच्या पत्रातून, दुसरी महाविद्यालयाच्या. प्राचार्यांच्या पत्रात नुसतं ‘सहायक प्राध्यापक’ असेल तर अध्यापक दिसतो, संशोधक दिसत नाही. संशोधनाचा विषय आणि प्रकल्प यांचं एक वाक्य तिथे घालून घ्यावं.

आता खर्च कोण करणार, हा प्रश्न. आयोजकांच्या पत्राच्या तळाशी बहुधा एक रुक्ष ओळ असते: या पत्रामुळे प्रवास, निवास किंवा अन्य कोणत्याही खर्चाची जबाबदारी आमच्यावर येत नाही. ही ओळ वाचून काहीजण नाराज होतात, काहीजण ती काढून टाका म्हणून लिहितात. ती काढली जाणार नाही. जर्मनीत पाहुण्याच्या खर्चाची हमी घेण्यासाठी स्वतंत्र सरकारी हमीपत्र असतं, ते परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन द्यावं लागतं आणि देणाऱ्यावर ते कायद्यानं बंधनकारक ठरतं. शेकडो अनोळखी लोकांना पत्रं देणारी परिषद असली जबाबदारी अंगावर घेणार नाही, हे ओघानंच आलं. त्या ओळीनं व्हिसा नाकारला जात नाही. मात्र ती एक जागा रिकामी ठेवते आणि ती आपण भरायची असते: स्वतःच्या बँक खात्याचे उतारे, महाविद्यालयाची खर्चाला मंजुरी किंवा एखाद्या निधी संस्थेचं प्रवास अनुदानाचं पत्र. आयोजकांनी खरोखर काही दिलं असेल, म्हणजे शुल्कमाफी किंवा वसतिगृहातली खोली, तर मात्र ते पत्रात तारखांसह आलंच पाहिजे.

हे सगळं मनात जुळवल्यावर पत्र मागायचं. मागणीची मेल इंग्रजीतच जाते, पण तिच्यात काय असावं ते मराठीत असं सांगता येईल:

‘महोदय, आपल्या परिषदेत माझं पोस्टर (क्रमांक आणि शीर्षक) स्वीकारलं गेलं आहे आणि मी 5 मे 2026 रोजी नोंदणी शुल्क भरलं आहे, पावती सोबत आहे. व्हिसा अर्जासाठी मला आपल्या संस्थेच्या शीर्षपत्रावर सही असलेलं निमंत्रणपत्र हवं आहे. पासपोर्टप्रमाणे माझं आडनाव पाटील, दिलेलं नाव सुनीता रमेश. निबंधावर नाव एस. आर. पाटील असं आहे. तसा उल्लेख पत्रात करावा ही विनंती. जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक आणि त्याची मुदत खाली देत आहे. मी अमुक महाविद्यालयात सहायक प्राध्यापक असून वनस्पती परिसंस्थेवर संशोधन करते. मी 7 सप्टेंबरला जर्मनीत पोचेन. परिषद 8 ते 11 सप्टेंबर. त्यानंतर 14 सप्टेंबरपर्यंतचा मुक्काम खासगी आणि स्वखर्चाने आहे. पत्र मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाच्या नावे असावं. व्हिसा केंद्रातली माझी वेळ 8 जूनची आहे, त्यामुळे मेअखेरपर्यंत पत्र मिळालं तर सोयीचं होईल.’

ही मेल लांब वाटेल, पण तिकडचा माणूस तिच्यातून सरळ उचलून पत्र तयार करू शकतो. ‘मला व्हिसा लेटर हवं आहे, कृपया लवकर पाठवा’ अशा एका ओळीच्या मेलला उत्तर म्हणून सहा प्रश्न येतात, त्यांना उत्तर दिल्यावर आणखी दोन, आणि मधल्या शनिवार-रविवारात आठवडा जातो. मोठ्या संस्थांकडे यासाठी ऑनलाइन अर्ज असतो. तिथे वेगळी मेल पाठवत बसू नये, अर्जच भरावा. संगणकशास्त्रातल्या एसीएमसारख्या संघटनेत ही पत्रं परिषदेचे प्राध्यापक देतच नाहीत, ती संघटनेच्या कार्यालयातून येतात. तेव्हा ओळखीच्या अध्यक्षांना गळ घालून उपयोग नसतो.

पासपोर्टची प्रत मागितली असेल तरच पाठवावी आणि फक्त फोटोचं पान. शेवटचं पान पाठवायचं कारण नसतं. प्रतीवर आडवं लिहावं, ‘फक्त अमुक परिषदेच्या निमंत्रणपत्रासाठी’, आणि तारीख घालावी. स्वयंसेवक विद्यार्थी चालवत असलेल्या मेलपेटीत आपला पासपोर्ट किती काळ पडून राहील याचा भरवसा नाही.

वेळेचं गणित शेंगेन नियमांत पक्कं आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे 15 दिवस, पण खोलात जायचं ठरलं तर 45 दिवसांपर्यंत. सुनीताबाई 7 सप्टेंबरला पोचणार म्हणजे कागदोपत्री 23 ऑगस्ट ही शेवटची तारीख, पण त्या तारखेवर विसंबणं म्हणजे परिषदेवर पाणी सोडायची तयारी. 45 दिवस धरले तर जुलैच्या तिसऱ्या आठवड्याआधी अर्ज आत जायला हवा, आणि व्हीएफएसच्या मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात वेळ मिळायला मे-जूनमध्ये पर्यटकांची गर्दी आडवी येते. म्हणून नोंदणी केली त्याच दिवशी पत्र मागायचं. आणखी एक कारण जर्मन सुट्ट्यांचं. ऑगस्टमध्ये तिथली कार्यालयं ओस असतात, आणि वकिलातीला पत्राची खातरजमा करायची असेल तर पत्रावर दिलेल्या दूरध्वनीवर किंवा मेलवर कोणीतरी उत्तर द्यायला हवं.

पासपोर्टचंही इथेच पाहून घ्यावं. तो शेंगेन प्रदेश सोडल्यानंतर निदान तीन महिने चालू असावा लागतो. सुनीताबाईंच्या बाबतीत 14 डिसेंबर 2026 पर्यंत. त्यात दोन पानं कोरी हवीत आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. नूतनीकरण करायचं असेल तर ते आधी आणि पत्राची मागणी नंतर, कारण नव्या पासपोर्टचा क्रमांक नवा असतो आणि जुन्या क्रमांकाचं पत्र हातात राहतं.

पत्र आलं की आनंदात फाइलला लावू नये. पासपोर्ट शेजारी उघडा ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावं, शक्यतो दुसऱ्याकडून, कारण आपलं नाव आपल्याला नेहमी बरोबरच दिसतं. क्रमांकातलं शून्य आणि ‘ओ’ यांची अदलाबदल, जन्मवर्षातले उलटे झालेले अंक, ‘श्रीमती’ऐवजी ‘श्री.’ अशा चुका सापडतात. पत्रावर तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, पत्ता, संपर्क असावा. सापडलेली चूक आयोजकांना कळवायची, ‘तिसऱ्या ओळीत हे आहे, त्याजागी हे हवं’ अशा स्पष्ट शब्दांत. सुधारित पत्र बहुधा विनातक्रार मिळतं.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नये: पीडीएफमध्ये स्वतःच अक्षर दुरुस्त करणं. हेतू कितीही सरळ असो, वकिलातीनं आयोजकांकडून मूळ प्रत मागवली आणि दोन्हींत फरक निघाला, तर ती चूक राहत नाही, बनावट कागद होतो. नकाराच्या छापील नमुन्यात कारणांसमोर खुणा करायच्या चौकटी असतात. प्रवासाचा हेतू आणि परिस्थिती यांचं समर्थन दिलं नाही, हे एक कारण. याबाबत दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, हे दुसरं. पहिल्या कारणासाठी पुढच्या वेळी चांगले कागद देता येतात. दुसरं अर्जदाराच्या खरेपणावरच बोट ठेवतं. अर्ज आणि निर्णयाची नोंद शेंगेन देशांच्या सामायिक व्हिसा माहितीप्रणालीत पाच वर्षं राहते आणि पुढचा अर्ज फ्रान्सला केला तरी तिथल्या अधिकाऱ्याला ती दिसते.

नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेच्या पाहुणा-व्हिसाला निमंत्रणपत्र लागतच नाही, असं त्यांचं परराष्ट्र खातं स्पष्ट सांगतं. तिथे मुलाखत असते आणि अर्जदार परत जाईल का, हे अधिकारी त्याच्या इकडच्या परिस्थितीवरून ठरवतो. पत्र जवळ ठेवावं, विचारलं तर दाखवावं, एवढंच. जपान याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे यजमानानं निमंत्रणाचं कारण सांगणारं पत्र तर द्यायचंच, शिवाय पाहुणा कोणत्या दिवशी कुठे असेल आणि कुठे झोपेल याचं दिवसवार वेळापत्रकही द्यायचं. आणि आपण काही कमी नाही. पुण्यातल्या आयुकानं किंवा मुंबईतल्या टीआयएफआरनं आंतरराष्ट्रीय परिषद भरवली तर परदेशी पाहुण्याला परिषदेचा ई-व्हिसा काढताना निमंत्रणपत्रासोबत परराष्ट्र मंत्रालयाच्या राजकीय मंजुरीची प्रतही जोडावी लागते. ती मंजुरी आयोजकांनी आधी मिळवायची असते. आपलं पत्र उशिरा आलं म्हणून चिडणाऱ्यानं एकदा त्या बाजूला बसून पाहावं.

आयोजक नोंदणी शुल्क भरल्याशिवाय पत्र का देत नाहीत, असा राग पुष्कळांना असतो. यामागे अनुभव आहे. पत्र घेऊन व्हिसा काढायचा आणि परिषदेत फिरकायचंच नाही, असे लोक असतात, आणि त्यांची संख्या वाढली की त्या परिषदेच्या पत्राला वकिलातीत किंमत उरत नाही. त्याचा फटका पुढच्या वर्षीच्या खऱ्या संशोधकांना बसतो. पण शुल्क भरण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतील का, किती, आणि नकाराचा कागद कोणत्या तारखेपर्यंत पाठवावा लागेल? चांगल्या परिषदा हे लिहून ठेवतात. थोडी रक्कम कापून बाकीची परत देण्याची पद्धत आहे.

उलट, न मागता निमंत्रणपत्र आलं तर सावध व्हावं. निबंध तपासला नाही, विषय नीट विचारला नाही, तरी ‘मान्यवर वक्ते’ म्हणून बोलावणं, पत्रासाठी वेगळी फी, आणि हॉटेलचे पैसे ताबडतोब आमच्याच खात्यात भरा असा लकडा, ही धंदेवाईक किंवा सरळ खोट्या परिषदांची लक्षणं आहेत. खात्रीसाठी पत्रावर छापलेल्या सभागृहाला किंवा विद्यापीठाला स्वतः शोधून काढलेल्या पत्त्यावर विचारावं, की त्या तारखांना तुमच्याकडे हा कार्यक्रम आहे का. पत्रातला संपर्क वापरून विचारलं तर उत्तर तोच भामटा देणार. असल्या पत्रावर खऱ्या वकिलातीत खरा अर्ज करणाऱ्या माणसाचे दुहेरी पैसे जातात आणि नकाराची नोंद फुकट पदरी पडते.

व्हिसा मिळाला की पत्राचं काम संपलं असं समजून ते घरी ठेवून जाणारे असतात. शेंगेनच्या सीमा नियमांनुसार प्रवेशाच्या वेळी अधिकारी पुन्हा हेतू विचारू शकतो आणि कागद मागू शकतो. व्हिसा हा प्रवेशाचा निर्विवाद हक्क नव्हे. सुनीताबाईंनी पत्र, परतीचं तिकीट, हॉटेलची नोंदणी आणि विम्याचा कागद, जो किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा लागतो, हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवावं, सामानात टाकलेल्या बॅगेत नव्हे. फ्रँकफर्टला रांगेत बॅग जवळ नसते. आणि अधिकाऱ्यानं ‘कशासाठी आलात?’ म्हणून विचारलं तर ‘फिरायला’ म्हणू नये, जरी मनात बर्लिनची बाग असली तरी. लाइपझिगच्या परिषदेत पोस्टर आहे, 8 ते 11, नंतर दोन दिवस बर्लिन, 14 ला परत. पत्रात जे लिहून घेतलं, तेच तोंडी सांगायचं.